चौदा रेषांचा एक आलेख की चौदा छोटे आलेख: एका दूध संघाच्या विक्री अहवालाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी दूध संघातील आहे. संघाची ओळख पटू नये म्हणून विक्रीचे सर्व आकडे एकाच प्रमाणात बदलले आहेत, त्यामुळे त्यांचे परस्पर नाते मात्र मूळ आकड्यांप्रमाणेच राहिले आहे. सणांच्या तारखा खऱ्या आहेत, आणि या प्रकरणाचा उलगडा त्या तारखांमुळेच झाला.

संघ चौदा उत्पादने विकतो. गायीचे दूध, म्हशीचे दूध, टोन्ड दूध, ताक, लस्सी आणि सुगंधी दूध लिटरमध्ये मोजले जाते, तर दही, पनीर, तूप, लोणी, श्रीखंड, आम्रखंड, बासुंदी आणि पेढा किलोमध्ये. दर महिन्याच्या संचालक मंडळाच्या बैठकीत विक्रीचा अहवाल ठेवला जातो आणि त्याच्या पहिल्या पानावर एक्सेलमध्ये काढलेला एक रेषा-आलेख असतो. हा आलेख सुरू झाला तेव्हा त्यात तीनच उत्पादने होती. नंतर जे नवे उत्पादन बाजारात आले त्याची रेषा त्याच आलेखात वाढवली गेली. एप्रिल २०२५ मध्ये मी अहवालाच्या कामात मदत करण्यासाठी संघात गेले, तेव्हा एप्रिल २०२२ ते मार्च २०२५ या छत्तीस महिन्यांसाठी चौदा रेषा एकाच चौकटीत होत्या आणि उजवीकडे रंगांची लांबलचक सूची होती.

अडचण

त्या बैठकीपुढे एक ठोस प्रश्न होता. श्रीखंडाची वार्षिक विक्री २०२२-२३ मध्ये २११ टन होती, २०२३-२४ मध्ये ती १६३ टनांवर आली आणि २०२४-२५ मध्ये एकदम २५८ टनांवर गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये वितरकांसाठी जादा कमिशनची एक योजना सुरू झाली होती. शेवटच्या वर्षातील अठ्ठावन्न टक्के वाढ त्या योजनेची आहे, म्हणून ती पुढील वर्षीही चालू ठेवावी आणि श्रीखंडाचे उद्दिष्ट ३०० टन धरावे, असा प्रस्ताव विपणन विभागाने मांडला होता. या उद्दिष्टावर डब्यांची खरेदी आणि चक्क्यासाठी बाजूला ठेवायचे दूध अवलंबून होते, त्यामुळे निर्णय चुकल्यास त्याची किंमत खरी होती.

या प्रश्नाचे उत्तर पहिल्या पानावरच्या आलेखातच होते, पण तिथून ते कोणालाही मिळाले नसते. उभा अक्ष गायीच्या दुधासाठी पन्नास लाखांपर्यंत गेलेला होता आणि त्याच अक्षावर लिटर व किलो दोन्ही बसवले होते, जे मुळातच चूक होते. छापील आलेखाची उंची बारा सेंटीमीटर होती. श्रीखंडाचा सर्वांत मोठा महिना सुमारे साठ टनांचा, म्हणजे साठ हजार किलोचा. पन्नास लाखांच्या अक्षावर साठ हजारांची उंची दीड मिलिमीटरसुद्धा भरत नाही. एक्सेल स्वतःहून काढते ती रेषाच सुमारे पाऊण मिलिमीटर जाड असते. श्रीखंडाच्या वर्षभराच्या चढउताराला त्या चित्रात जेमतेम दोन रेषांच्या जाडीइतकी जागा होती, आणि तीही दही, पनीर, तूप व इतर पाच-सहा रेषांच्या गुंत्यात.

दुसरी अडचण रंगांची होती. चौदा रंग एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. दोन निळे, दोन हिरवे आणि तीन तपकिरी छटा सूचीत शोधायच्या, मग नजर पुन्हा रेषेकडे न्यायची, तोवर रेषा हरवलेली असायची. त्यातच बैठकीला येणाऱ्या प्रती कृष्णधवल झेरॉक्स असत. मी एका संचालकांना विचारले की आपण हा आलेख कसा वाचता. त्यांनी सरळ सांगितले, “वरच्या तीन रेषा दुधाच्या, तेवढ्या बघतो. खालचं गचपण सोडून देतो.” चौदापैकी अकरा उत्पादने त्या गचपणात होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला विचार साहजिकच असा होता की एकच आलेख ठेवून तो सुधारावा. त्यासाठी तीन वाटा तपासल्या.

पहिली वाट लॉगरिदमिक अक्षाची. अशा अक्षावर दहा टन आणि चाळीस लाख लिटर एकाच चित्रात दिसू शकतात आणि समान टक्केवारीची वाढ समान चढाची दिसते. परंतु आम्रखंडाची विक्री वर्षातील काही महिने शून्य असते आणि शून्याला लॉगरिदमिक अक्षावर जागाच नसते. शिवाय श्रीखंड दहा टनांवरून साठ टनांवर जाणे ही मंडळाला हवी असलेली नेमकी गोष्ट अशा अक्षावर मऊ होऊन दिसते.

दुसरी वाट निर्देशांकाची, म्हणजे प्रत्येक उत्पादनाचा पहिला महिना १०० धरून सर्व रेषा एका बिंदूतून सुरू करण्याची. हंगामी मालासाठी ही वाट फसवी ठरते. एप्रिल हा पाया धरला तर ताक आणि लस्सी उन्हाळ्याच्या भरतीत सुरू होतात आणि वर्षभर पडलेलीच दिसतात. जुलै धरला तर तीच उत्पादने मार्चमध्ये आकाशाला भिडतात. पाया निवडणारा माणूस नकळत निष्कर्षही निवडून टाकतो.

तिसरी वाट अशी की तेरा रेषा फिक्या राखाडी ठेवायच्या आणि एकच ठळक करायची. एखाद्या उत्पादनाबद्दल बोलताना हा उपाय उत्तम आहे. पण अक्ष तोच राहिला तर ठळक केलेले श्रीखंडही दीड मिलिमीटरचेच राहते, आणि मंडळाला चौदाही उत्पादने पाहायची होती.

मग चौथा पर्याय उरला. एकाच आकाराचे आणि एकाच आराखड्याचे चौदा छोटे आलेख शेजारी-शेजारी मांडायचे, प्रत्येकात एकच उत्पादन. माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांच्या १९८३ आणि १९९० सालच्या लेखनामुळे या मांडणीला स्मॉल मल्टिपल्स हे नाव रूढ झाले. आम्ही संघात तिला ‘चौकटी’ म्हणू लागलो. या मांडणीत रंग लागत नाहीत, सूची लागत नाही, नाव चौकटीच्या डोक्यावरच असते आणि झेरॉक्सवर काही बिघडत नाही. तिच्यात काय गमवावे लागते हे मात्र काम सुरू झाल्यावरच कळले.

केलेले काम

पहिला मसुदा मी आर या संगणकीय भाषेत काढला आणि प्रत्येक चौकटीला तिच्या उत्पादनाच्या मापाचा स्वतंत्र उभा अक्ष दिला. उत्पादनांचे आकारमान इतके वेगळे असताना दुसरा मार्ग नाही असे मला वाटत होते. हा मसुदा दोन संचालकांना दाखवला तेव्हा त्यातील ज्येष्ठांनी पेढ्याच्या चौकटीवर बोट ठेवले. “अहो मॅडम, पेढा तर दुधाच्या बरोबरीला आलाय की!” पेढ्याची महिन्याची विक्री तीन वर्षांत सहा टनांवरून नऊ टनांवर गेली होती. पण त्याचा अक्ष पाचपासून सुरू होऊन दहावर संपत होता, त्यामुळे रेषा चौकटीच्या तळातून जवळजवळ छतापर्यंत चढली होती. शेजारच्या चौकटीत चाळीस लाख लिटर दूध जवळजवळ आडव्या रेषेने चालले होते. अक्षावरचे आकडे बारीक अक्षरांत होते, आणि ते कोणी वाचणार नाही हे मी आधीच ओळखायला हवे होते. शेजारी-शेजारी ठेवलेल्या सारख्या चौकटी पाहिल्या की मोजपट्टीही सारखीच आहे असे डोळा धरून चालतो. माणसाला समान मोजपट्टीवरील उंचीची तुलना सर्वांत अचूक करता येते, हे क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. मी तीच सोय काढून घेतली होती.

येथे पहिला खरा निर्णय घ्यावा लागला. सर्व चौकटींना एकच अक्ष दिला तर श्रीखंड पुन्हा तळाला चिकटते, आणि प्रत्येकाला वेगळा दिला तर पेढा दुधाएवढा दिसतो. आम्ही मधला मार्ग काढला. एकाच एककाची आणि साधारण एकाच आकारमानाची उत्पादने एका ओळीत घेतली आणि प्रत्येक ओळीला एकच अक्ष दिला. पहिल्या ओळीत तीन प्रकारचे दूध, दुसरीत ताक, लस्सी व सुगंधी दूध, तिसरीत दही, पनीर, तूप व लोणी, आणि चौथीत श्रीखंड, आम्रखंड, बासुंदी व पेढा. प्रत्येक अक्ष शून्यापासून सुरू केला. ओळींमध्ये रेघ मारून डावीकडे एकक आणि मोजपट्टीचे टोक मोठ्या अक्षरांत लिहिले, आणि प्रत्येक चौकटीच्या नावाखाली गेल्या बारा महिन्यांची एकूण विक्री दिली. आता ओळीच्या आत उंचीची तुलना खरी होती आणि ओळी-ओळींमधली तुलना आकड्यांनी करायची होती. पेढ्याची रेषा आपल्या जागी, श्रीखंडाच्या शेजारी खाली, येऊन बसली.

चौथ्या ओळीसाठी लागलेली आज्ञा लहानशीच होती:

```r
god_ol |>
  complete(utpadan, mahina, fill = list(kilo = 0)) |>
  ggplot(aes(mahina, kilo)) +
  geom_line() +
  facet_wrap(~ reorder(utpadan, -kilo, sum), ncol = 4)
```

यातील दुसरी ओळ एका चुकीतून आली. पहिल्या मसुद्यात आम्रखंडाची रेषा ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत हळूहळू चढत जाताना दिसत होती. उत्पादन प्रमुखांनी ती पाहताक्षणी मान हलवली, कारण त्या महिन्यांत आम्रखंड बनतच नाही. विक्री नसलेल्या महिन्यांच्या नोंदीच माहितीत नव्हत्या, आणि आज्ञावलीने जुलैचा बिंदू फेब्रुवारीच्या बिंदूला सरळ जोडून टाकला होता. जुन्या आलेखातही हीच चूक असणार, पण चौदा रेषांच्या तळाशी ती तीन वर्षे कोणाला दिसली नाही. `complete` मुळे रिकाम्या महिन्यांत शून्य भरले जाते. मात्र ते भरण्याआधी प्रत्येक रिकामी जागा तपासावी लागते. दह्याचा एक महिना रिकामा होता तो विक्री नव्हती म्हणून नव्हे, तर एका डेपोची नोंद आली नव्हती म्हणून. तिथे शून्य भरले असते तर नवी चूक तयार झाली असती.

शेवटच्या ओळीतील `reorder` ने विक्रीच्या उतरत्या क्रमाने चौकटी लागतात. तो शब्द काढला तर चौकटी वर्णानुक्रमे लागतात, आणि बैठकीत कोणी वर्णानुक्रमे विचार करीत नाही.

दुसरा निर्णय सणांच्या खुणांचा होता. चौकटी तयार झाल्यावर श्रीखंडाच्या चौकटीत उंच सुळके स्पष्ट दिसू लागले. जुन्या आलेखात दीड मिलिमीटरही नसलेला सुळका आता तीन सेंटीमीटरच्या चौकटीत सुमारे सत्तावीस मिलिमीटर उंच होता. पण सुळके दरवर्षी त्याच महिन्यात येत नव्हते. मी सुरुवातीला गणेशोत्सव, दसरा, कोजागिरी, दिवाळी, संक्रांत, पाडवा अशा सर्व खुणा घातल्या. लगेच तिथे नवे गचपण तयार झाले, म्हणून गोड पदार्थांच्या ओळीत फक्त पाडवा आणि दसरा यांच्या उभ्या तुटक रेघा ठेवल्या. तीन आर्थिक वर्षे वेगळी कळावीत म्हणून मधल्या वर्षामागे फिकी राखाडी पट्टी दिली.

त्या पट्टीत पाडव्याची एकही रेघ नव्हती.

गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. म्हणजे २०२३-२४ या वर्षाच्या वाट्याला पाडवाच आला नाही, आणि २०२४-२५ च्या वाट्याला दोन आले. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला होता, पण संघाचा माल सणाच्या आठवडाभर आधी बाहेर पडतो, त्यामुळे त्याची बरीचशी विक्री मार्च २०२२ मध्ये, म्हणजे आपल्या माहितीच्या आधीच, होऊन गेलेली होती. पहिल्या वर्षात एक पाडवा आणि दुसऱ्याचे शेपूट, दुसऱ्या वर्षात काही नाही, तिसऱ्यात दोन पूर्ण पाडवे. वार्षिक बेरजेतला खड्डा आणि डोंगर दोन्ही तिथून आले होते.

एवढ्यावर थांबणे योग्य झाले नसते, कारण चित्र पाहून सुचलेले स्पष्टीकरण आकड्यांनी तपासावे लागते. तिसऱ्या वर्षाची वाढ ९५ टनांची होती. एप्रिल २०२३ मध्ये दहा टन आणि एप्रिल २०२४ मध्ये साठ टन, म्हणजे पन्नास टनांचा फरक. मार्च २०२४ मध्ये अठरा आणि मार्च २०२५ मध्ये त्रेसष्ट, म्हणजे पंचेचाळीसचा. या दोन महिन्यांतच संपूर्ण ९५ टन संपले. एप्रिलमधील पन्नास टन तर योजना सुरू होण्याच्या चार महिने आधीचे होते. सणांचे महिने वगळून पाहिले तर योजनेच्या आधी आणि नंतर महिन्याची विक्री दहा टनांच्या आसपासच राहिली होती.

तिसरा निर्णय चौकटींच्या मर्यादेमुळे घ्यावा लागला. गायीच्या दुधाने म्हशीच्या दुधाला नेमके कोणत्या महिन्यात मागे टाकले, हे कार्यकारी संचालकांना हवे होते. दोन वेगळ्या चौकटींत हे दिसत नाही. एका चौकटीतील उंची मनात धरून नजर दुसरीकडे नेईपर्यंत फरक निसटतो, आणि दोन रेषांचा छेद तर दोन्ही रेषा एकाच जागी असल्याशिवाय दिसूच शकत नाही. म्हणून दुधाच्या ओळीतील रिकाम्या चौथ्या जागेत या दोन रेषांचा एकत्रित आलेख दिला, आणि नावे सूचीऐवजी रेषांच्या टोकालाच लिहिली. आकार, हंगाम आणि वळण यांची तुलना अनेक उत्पादनांमध्ये करायची असेल तर चौकटी, आणि दोन-तीन रेषांमधले त्या त्या महिन्याचे अंतर मोजायचे असेल तर एकच आलेख, अशी वाटणी आम्ही तेव्हापासून पाळली.

परिणाम

मे महिन्याच्या बैठकीत नवे पान ठेवले गेले. विपणन व्यवस्थापकांनी सुरुवातीला आक्षेप घेतला आणि तो गैर नव्हता. योजनेमुळे वितरकांनी पाडव्याचा माल अधिक उचलला असेल तर तोही परिणाम मार्च २०२५ च्या सुळक्यात मिसळलेला असणार, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर तीन पाडव्यांच्या महिन्यांचे आकडे शेजारी ठेवले: मार्च २०२३ मध्ये ६२, एप्रिल २०२४ मध्ये ६० आणि मार्च २०२५ मध्ये ६३ टन. योजनेचा परिणाम असलाच तर तो दोन-तीन टनांचा असू शकतो. एवढा फरक योजनेशिवायच्या दोन वर्षांतही पडलेला आहे, हे त्यांनी मान्य केले. योजना आहे त्या स्वरूपात पुढे न चालवता तिचा आढावा घेण्याचे ठरले.

उद्दिष्टाचा हिशेब मग सरळ झाला. २०२५-२६ मध्ये पाडवा एकच येणार होता, १९ मार्च २०२६ रोजी. दहा साधे महिने, एक दसरा आणि एक पाडवा धरून बेरीज २०७ टन येते. ३०० टनांच्या जागी २१० टनांचे उद्दिष्ट मंजूर झाले आणि डब्यांची मागणी त्यानुसार कमी केली गेली. वार्षिक आकडा गतवर्षीपेक्षा जवळजवळ पन्नास टनांनी कमी दिसेल आणि ती घसरण नसेल, हे इतिवृत्तात आधीच नोंदवून ठेवण्याची सूचना कार्यकारी संचालकांची होती. मला ती फार मोलाची वाटली.

एक दोष बैठकीतच उघड झाला. झेरॉक्स प्रतीत मधल्या वर्षाची राखाडी पट्टी पूर्णपणे उडाली होती, आणि सगळा युक्तिवाद त्या पट्टीवरच उभा होता. मला मूळ प्रत हातोहात फिरवावी लागली. पुढच्या महिन्यापासून पट्टीऐवजी वर्षाच्या सीमेवर ठळक उभी रेघ आणि वर वर्षाचा आकडा, असा बदल केला.

पुन्हा करायचे झाल्यास

सर्वांत आधी मी माहिती आठवड्यानुसार मागितली असती. महिना हे कॅलेंडरचे माप आहे आणि पाडवा-दसरा चांद्र तिथींनी सरकतात. २०२३ मध्ये १८ जुलैपासून अधिक श्रावण आला आणि त्यानंतरचे सर्व सण उशिरा आले, त्यामुळे त्या वर्षीचा दसरा २४ ऑक्टोबरला होता, तर २०२२ मध्ये तो ५ ऑक्टोबरला होता. २०२२ च्या दसऱ्याचा माल सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये विभागला गेला आणि सुळका बुटका व रुंद दिसला. वास्तविक त्या वर्षीची दसऱ्याची मागणी इतर वर्षांसारखीच होती. आठवड्यांची माहिती असती, तर सणाचा दिवस शून्य धरून त्याच्या आधीचे चार आणि नंतरचे दोन आठवडे एकमेकांवर ठेवता आले असते, आणि तो आलेख महिन्यांच्या चौकटींपेक्षाही अधिक प्रामाणिक झाला असता.

दुसरे असे की जुना आलेख मी एका फटक्यात काढून टाकला, ते घाईचे झाले. त्याच्या वरच्या तीन रेषा संचालकांना ओळखीच्या होत्या आणि दूधविक्रीचा एकूण अंदाज त्यांना तिथून येत असे. चौकटींत तो अंदाज चौदा ठिकाणी विखुरला. दोन महिने दोन्ही पाने सोबत ठेवली असती तर अनेक प्रश्न बैठकीत उठलेच नसते. नंतर पानाच्या डोक्यावर एकूण द्रव दुधाची एक रुंद चौकट घातली, तेव्हा ही तक्रार थांबली.

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. श्रीखंडाचा बहुतेक माल सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेला आणि सप्टेंबरची विक्री ३८ टनांवर पोहोचली, आदल्या वर्षी त्याच महिन्यात ती दहा टन होती. ऑक्टोबरच्या बैठकीत एका नव्या संचालकांनी या वाढीबद्दल अभिनंदनाचा ठराव सुचवला. पेढा दुधाच्या बरोबरीला आला म्हणणाऱ्या ज्येष्ठ संचालकांनीच पान त्यांच्यापुढे सरकवले आणि तुटक रेघेवर बोट ठेवले. “दसरा यंदा दोन तारखेलाच होता. पुढच्या महिन्याचा चौकोन बघू, मग ठराव करू.”